तो फोटो आता कुणालाच बदलता येणार नाही : मृत्यूनंतर फेसबुक खात्याचे काय होते आणि कुटुंबाला काय मागता येते

जव्हारजवळच्या शिरपामाळावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या भेटीचे स्मारक आहे. 1664 च्या सुरत मोहिमेवर जाताना महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजाने त्यांना शिरपेच देऊन त्यांचे स्वागत केले, अशी इथली परंपरा सांगते. जव्हार-मोखाड्याकडच्या पोरांचा पहिला चांगला फोटो बहुधा याच माळावरचा असतो. या लेखात ज्याच्याविषयी सांगणार आहे, त्या मुलाचा फेसबुकवरचा फोटोही शिरपामाळावरचाच आहे. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून दरीकडे पाहत उभा आहे. चेहरा दिसत नाही.

हा मुलगा आता नाही. वय तिशीच्या आत-बाहेर, दिवसा नोकरी, संध्याकाळी भीमगीते. 2025 च्या पावसाळ्यात दुचाकी घसरली. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला नेले आणि तिथेच दोन दिवसांनी तो गेला. मागे आई, पत्नी, धाकटा भाऊ. कुटुंबाच्या सांगण्यावरून नावे आणि गाव लिहीत नाही. पण पुढच्या महिन्याभरात जे घडले ते लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे, कारण त्यात दोष कुणाचा नव्हता आणि नुकसान मात्र झाले.

प्रेमापोटी भरलेला एक फॉर्म

अंत्यसंस्काराच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या एका मित्राने फेसबुकला कळवले की आमचा मित्र राहिला नाही. फेसबुकच्या मदत विभागात त्यासाठी Memorialization Request नावाचा फॉर्म आहे. मृत व्यक्तीच्या खात्याचा दुवा, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचा काही पुरावा एवढे त्यात लागते. मित्राने श्रद्धांजलीच्या बातमीचा दुवा जोडला. विनंती मान्य झाली आणि खात्यावर नावाच्या शेजारी Remembering हा शब्द आला.

मित्राचा हेतू चांगला होता. वाढदिवसाला "शुभेच्छा द्या" अशी सूचना सगळ्यांना जाऊ नये, खात्यात शिरून कुणी पैसे मागू नयेत, आणि नाव सन्मानाने राहावे, एवढेच त्याच्या मनात होते. या तिन्ही गोष्टी खरोखरच साधल्या. पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी भावाने दादाचा फोन उघडला तेव्हा फेसबुक बाहेर पडलेले होते. पासवर्ड भावाला माहीत होता. त्याने तो घातला, तरी खाते उघडले नाही. तो पासवर्ड चुकला असे समजून दोन दिवस वेगवेगळे पासवर्ड घालून पाहत राहिला.

पासवर्ड बरोबरच होता. खाते स्मृती-खाते झाले की त्यात कुणालाच प्रवेश करता येत नाही. पासवर्ड असला तरी नाही, पत्नीला नाही, आईला नाही. ते दार कायमचे बंद होते. हा लेख मुख्यतः या एका गोष्टीभोवती आहे, कारण आपल्या वस्त्यांमध्ये हा फॉर्म कुटुंबाच्या आधी मित्रमंडळीच भरतात.

स्मृती-खाते म्हणजे नेमके काय

फेसबुकने 2009 पासून ही सोय ठेवली आहे. त्यात खाते पुसले जात नाही, गोठवले जाते. त्या व्यक्तीने जे काही टाकले होते ते जसेच्या तसे राहते आणि ज्यांना ते आधी दिसत होते त्यांनाच पुढेही दिसते. सार्वजनिक पोस्ट सर्वांना, "फक्त मित्रांसाठी" ठेवलेली पोस्ट मित्रयादीतल्यांना. जे त्याने "फक्त मला" म्हणून ठेवले होते ते कुणालाच दिसत नाही आणि पुढेही दिसणार नाही. खात्याच्या मांडणीनुसार मित्रांना तिथे आठवणी लिहिता येतात. वाढदिवसाच्या सूचना, "तुम्ही यांना ओळखता का" अशा यादीतले नाव, हे सगळे थांबते.

आता या नियमांमध्ये ते कुटुंब ठेवून पाहू. पत्नीचे फेसबुक खातेच नव्हते. आईचा तर प्रश्नच नाही. भाऊ मित्रयादीत होता. पत्नीने नंतर खाते काढले आणि नवऱ्याला मैत्रीची विनंती पाठवली. ती विनंती स्वीकारणारे कुणी नाही. त्यामुळे त्याने फक्त मित्रांसाठी ठेवलेले लग्नाचे फोटो त्याच्या चारशे-पाचशे मित्रांना दिसतात आणि ज्या बाईचे ते लग्न आहे तिला तिच्या स्वतःच्या खात्यावरून दिसत नाहीत. ती दिराच्या फोनवर पाहते.

आपल्याकडे बायकांची खाती बऱ्याचदा नसतात, किंवा असली तरी नवऱ्याच्या यादीत नसतात. ही घरातली गोष्ट म्हणून आपण तिच्याकडे कधी पाहिलेले नसते. खाते गोठते त्या क्षणी जी यादी असेल तीच कायम राहते, आणि मग ती विसंगतीही कायम होते.

या नियमाला एकच वाट आहे आणि ती माणूस जिवंत असतानाच करून ठेवावी लागते. फेसबुक तिला Legacy contact म्हणते, आपण "वारस संपर्क" म्हणू. खातेदाराने आपल्या मित्रयादीतली एक व्यक्ती आधी नेमून ठेवायची. खाते स्मृती-खाते झाले की त्या व्यक्तीला काही मोजके अधिकार मिळतात. खात्याचा फोटो आणि वरचे मोठे चित्र बदलता येते. वर कायम राहील अशी एक पोस्ट लावता येते, उदाहरणार्थ पुण्यानुमोदनाची वेळ आणि ठिकाण. आलेल्या मैत्रीच्या विनंत्या स्वीकारता येतात. स्मृतिसंदेशांच्या जागी कुणी लिहायचे हे ठरवता येते, वाईट मजकूर काढता येतो. खाते पूर्ण काढून टाकण्याची विनंतीही करता येते. खातेदाराने तशी परवानगी दिली असेल तर त्याने टाकलेल्या फोटो-पोस्टची प्रत उतरवून घेता येते.

या वारसालाही खात्यात प्रवेश नाही. त्याला खासगी संदेश वाचता येत नाहीत आणि जुने मित्र काढता येत नाहीत. घरात एखाद्याला वाटत असेल की आपण वारस झालो म्हणजे मेसेंजरमधले सगळे कळेल, तर तसे नाही. आणि एखाद्याला त्याचीच भीती वाटत असेल, तर त्यानेही निश्चिंतपणे वारस नेमावा.

आपल्या या मुलाने कुणालाच नेमले नव्हते. म्हणून पत्नीची विनंती तशीच पडून आहे.

कुटुंबाला काय काय मागता येते

मृत्यूनंतर फेसबुककडे तीन प्रकारची मागणी करता येते. तिन्हींची कागदपत्रे आणि वजन वेगवेगळे आहे.

पहिली मागणी खाते स्मृती-खाते करण्याची. ती नातेवाईक आणि मित्र दोघेही करू शकतात. तिला लागणारा पुरावा सगळ्यांत हलका असतो. श्रद्धांजलीची बातमी किंवा मृत्यूचा दाखला चालतो. म्हणूनच ती सर्वांत आधी आणि कधी कधी फार लवकर केली जाते.

दुसरी मागणी खाते कायमचे काढून टाकण्याची. ती मित्राला करता येत नाही. पती-पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण, मुले असे जवळचे नातेवाईक किंवा मृत्युपत्रातला व्यवस्थापक यांनाच ती करता येते. मृत्यूच्या दाखल्याची स्पष्ट प्रत दिली तर काम लवकर होते. दाखला नसेल तर दोन कागद लागतात. एक तुमचा अधिकार दाखवणारा, जसे जन्मदाखला किंवा मृत्युपत्र, आणि दुसरा मृत्यू दाखवणारा, जसे वर्तमानपत्रातली निधनवार्ता किंवा स्मृतिपत्रिका. आपल्याकडची पुण्यानुमोदनाची छापील पत्रिका या शेवटच्या प्रकाराच्या जवळची आहे. खाते एकदा काढले की परत मिळत नाही. फोटो, गाणी, त्याखालच्या शेकडो जयभीमसकट सगळे जाते. म्हणून ही मागणी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून, घाई न करता ठरवावी. स्मृती-खाते झाल्यावर वर्षभराने विचार बदलला तरी काढून टाकण्याची मागणी करता येते. उलटे मात्र करता येत नाही.

तिसरी मागणी खात्यातला मजकूर मिळण्याची, म्हणजे संदेश, लपवलेले फोटो, न टाकलेले व्हिडिओ. ती फार क्वचित मान्य होते. तुम्ही अधिकृत प्रतिनिधी आहात याचा पुरावा आणि न्यायालयाचा आदेश लागतो, आणि एवढे देऊनही मजकूर मिळेलच असे कंपनी म्हणत नाही. पासवर्ड मात्र कोणत्याच मागणीवर कुणालाच दिला जात नाही.

या तिसऱ्या मागणीसाठी एका कुटुंबाने किती वर्षे झगडा दिला याचे जगभर माहीत झालेले उदाहरण जर्मनीतले आहे. 2012 मध्ये बर्लिनमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून गेली. तो अपघात होता की आत्महत्या, हे आई-वडिलांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी तिचे संदेश वाचायचे होते. आईकडे पासवर्ड होता. पण तोवर कुणीतरी कळवल्यामुळे खाते स्मृती-खाते झाले होते आणि पासवर्ड चालेना. प्रकरण खालच्या न्यायालयांतून फिरत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेले. 12 जुलै 2018 रोजी निकाल लागला की पत्रे आणि रोजनिशी जशी वारसांकडे जातात, तसेच हे खातेही जाते. म्हणजे मुलगी गेल्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी. जव्हारच्या भावाने दोन दिवस जो पासवर्ड घालून पाहिला, तीच अडचण.

आपल्या देशात मृताच्या समाजमाध्यम खात्यावर कुणाचा हक्क, हे थेट सांगणारा कायदा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये कलम 14 आहे. आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीविषयीचे हक्क कुणी बजावायचे, हे जिवंतपणी नामनिर्देशन करून ठरवण्याचा अधिकार ते देते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि नामनिर्देशनाचा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होईल असे ठरले. तिथेही अट तीच आहे. नाव माणसाने स्वतः, हयात असताना दिलेले हवे.

आडनाव नसलेले खाते आणि नाशिकचा दाखला

कागदपत्रांच्या बाबतीत आपल्या समाजाची एक वेगळी अडचण आहे. फेसबुकला दिलेल्या कागदावरची माहिती खात्यावरच्या माहितीशी जुळावी लागते. आपली बरीच मुले फेसबुकवर आडनाव लावत नाहीत, कारण आडनावावरून जात विचारली जाते. कुणी नावापुढे "भीमसैनिक" लावतो, कुणी "बौद्ध", कुणी गावाचे नाव. या मुलाच्या खात्यावरही पहिले नाव आणि पुढे "भीमसैनिक" एवढेच होते. दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर बाहेरच्या माणसाला ही दोन वेगळी माणसे वाटतील.

मृत्यूनंतर खात्यावरचे नाव बदलता येत नाही. मग जुळणीसाठी हाताशी काय उरते? जन्मतारीख, जर ती खात्यावर खरी दिलेली असेल तर. आणि दोन्ही नावे असलेला एखादा छापील कागद. म्हणून मी आता कुटुंबांना सांगते की पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर "कालकथित" शब्दापुढे पूर्ण नाव छापा, आणि त्याखाली ज्या नावाने तो लोकांना माहीत होता तेही छापा. खर्च काहीच वाढत नाही आणि दोन नावे एका कागदावर येतात.

दाखल्याबद्दलही एक गैरसमज आहे. मृत्यूची नोंद माणूस राहत होता त्या गावात होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. घरी किंवा पाड्यावर मृत्यू झाला तर ग्रामपंचायतीत नोंद होते. इथून नाशिकला हलवलेला रुग्ण तिथे गेला तर नोंद नाशिकच्या हद्दीत होते. या भावाने आपल्या ग्रामपंचायतीत तीन खेपा घातल्या. तिथे नोंद असणे शक्यच नव्हते. नोंदीची मुदत 21 दिवसांची असते. रुग्णालयातला मृत्यू रुग्णालयच कळवते, पण आपण कागदावर नावाचे स्पेलिंग तपासून घ्यायचे असते. पुढे दुरुस्तीसाठी फिरावे लागते ते इथेच चुकल्यामुळे. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, विमा, रेशनकार्ड, वारसनोंद या सगळ्यांना तो लागतोच. फेसबुकसाठी मोबाईलवर काढलेला स्वच्छ फोटो पुरतो.

वर्षावासातले गाणे

नुकसान कुठे झाले ते आता सांगते. आषाढ पौर्णिमेला वर्षावास प्रारंभाच्या कार्यक्रमात हा मुलगा गायला होता आणि ते त्याने फेसबुकवर लाइव्ह केले होते. ते त्याचे शेवटचे गाणे. त्यानंतर थोड्याच दिवसांत अपघात झाला. खाते स्मृती-खाते झाले म्हणजे सगळे सुरक्षित राहिले, असे घरच्यांनी गृहीत धरले होते. दीड महिन्याने मी त्यांच्याकडे गेले तेव्हा आई म्हणाली, "तेवढं शेवटचं गाणं तरी दाखव ना रे." भावाने खाते उघडले. व्हिडिओ नव्हता.

तो कुणी काढला नव्हता. फेब्रुवारी 2025 पासून फेसबुकने नियम केला आहे की लाइव्ह केलेला व्हिडिओ 30 दिवसांनी आपोआप निघून जातो. त्याआधी खातेदाराने तो उतरवून ठेवायचा असतो. खातेदारच नसेल तर उतरवणार कोण? खाते गोठले म्हणून घड्याळ थांबत नाही.

वाईट याचे वाटते की अजून वेळ होता. तो गेला त्या दिवशी गाणे तिथे होते, आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशीही होते. कुणीही मित्राने आपल्या फोनवर गाणे लावून स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केले असते, तर वीस मिनिटांत ते हाती आले असते. 14 एप्रिलच्या जयंतीचे लाइव्ह तर मे महिन्यातच गेलेले होते, हे घरच्यांना त्या दिवशी कळले.

जे लाइव्ह नव्हते, आधी रेकॉर्ड करून नंतर टाकले होते, ते व्हिडिओ मात्र खात्यावर होते. मित्रयादीतल्या तिघांनी बसून ते एकेक जतन केले आणि पेनड्राइव्हवर घेतले. त्याच्या फोनच्या गॅलरीत आणखी काही सापडले. ऐकायला मिळाले ते बहुतेक फोनमधून मिळाले, खात्यातून नव्हे.

दुसरे नुकसान जयंती मंडळाचे. मंडळाचे फेसबुक पेज त्यानेच काढले होते आणि ते चालवणारा तो एकटाच होता. पेज हे खात्याला बांधलेले असते. चालवणाऱ्याचे खाते गोठले की पेजवर नवे काही टाकता येत नाही, आणि ज्या पेजचा एकमेव चालक मृत आहे ते रीतसर विनंती आल्यास फेसबुक काढून टाकू शकते. मंडळाने आता नवे पेज काढले आहे. जुन्यावर सहा-सात वर्षांच्या मिरवणुका आहेत आणि त्या पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. आपापल्या मंडळाच्या पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन किमान दोघांना Full control दिलेले आहे का, हे पाहून घ्या. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते चालकाच्या हयातीतच होते.

पहिल्या पंधरा दिवसांचा क्रम

या प्रकरणातून जो क्रम शिकायला मिळाला तो असा.

आधी घरातला एक माणूस ठरवा आणि मित्रांना, मंडळाला स्पष्ट सांगा की आम्ही म्हणेपर्यंत फेसबुकला कळवू नका. शोकसभेतच हे सांगितले तर कुणाला वाईट वाटत नाही.

मग फोन सांभाळा. तो कुणाला वापरायला देऊ नका, दुकानात नेऊन फॉरमॅट करू नका. गॅलरीतले फोटो-व्हिडिओ आधी संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपला स्मृती-खाते हा प्रकारच नाही. खाते 120 दिवस वापरात नसले तर ते काढले जाते, पण फोनमधले संदेश ॲप काढेपर्यंत फोनमध्येच राहतात. म्हणून ॲप काढू नका. सिमकार्डही लगेच बंद करू नका. 90 दिवस काहीच वापर नसेल आणि शिल्लक 20 रुपयांच्या खाली गेली तर प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो, आणि पुढे काही काळाने तो दुसऱ्याला दिला जातो. बँकेची आणि इतर कामे त्या क्रमांकावर अडलेली असतात. ती संपली की सिम रीतसर बंद करा किंवा नातेवाइकाच्या नावावर करून घ्या.

त्यानंतर मित्रयादीत असलेल्या दोन-तीन विश्वासू लोकांना बसवून खात्यावर जे दिसते ते जतन करा. लाइव्ह व्हिडिओ सर्वांत आधी, कारण त्यांना मुदत आहे. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. दुसऱ्याच्या खात्यात, अगदी मृत भावाच्याही, पासवर्ड घालून शिरणे फेसबुकच्या नियमात बसत नाही. म्हणून जे करायचे ते स्वतःच्या खात्यावरून आणि फोनच्या गॅलरीतून करा.

दाखला हाती आला की मग बसून ठरवा. खाते आठवण म्हणून ठेवायचे की काढायचे. त्याच्या नावाने कुणी दुसरेच बनावट खाते काढून पैसे मागत असेल, तर स्मृती-खाते करून ते थांबत नाही, कारण ते वेगळे खाते आहे. त्या बनावट खात्याची तक्रार स्वतंत्रपणे करावी लागते.

इन्स्टाग्रामचा मार्गही असाच आहे. स्मृती-खाते करण्याची मागणी मृत्यूच्या पुराव्यावर होते, काढून टाकण्याची मागणी जवळच्या नातेवाइकाने कागदपत्रांसह करायची, आणि प्रवेश कुणालाच मिळत नाही. फोटो गूगलवर साठवलेले असतील तर गूगलकडे मृताच्या खात्याविषयी वेगळी विनंती करता येते. खाते बंद करणे आणि काही प्रकरणांत माहिती देणे ते विचारात घेतात, पण पासवर्ड तेही देत नाहीत.

आज रात्री करता येईल असे

फेसबुकच्या सेटिंगमध्ये हा मार्ग आहे. नावे अधूनमधून बदलतात, पण साधारण असे दिसते :

Settings & privacy → Settings → Accounts Center → Personal details → Account ownership and control → Memorialization

तिथे आपले खाते निवडून मित्रयादीतल्या एका व्यक्तीचे नाव द्यायचे. वय 18 पूर्ण हवे. प्रत उतरवून घेण्याची परवानगी द्यायची का, हे तिथेच विचारले जाते. तुमची गाणी, भाषणे, फोटो त्या खात्यावर असतील तर ती द्या. खाते मागे राहायलाच नको असे वाटत असेल, तर मृत्यूनंतर ते काढून टाकावे असा पर्यायही तिथे निवडता येतो. आणि ज्याला नेमले त्याला तोंडाने सांगा. पती-पत्नींनी एकमेकांना आधी मित्रयादीत घ्यावे, मगच नेमता येते.

त्या घरी पुढच्या पावसाळ्यात पहिला स्मृतिदिन आहे. आईची इच्छा होती की खात्यावर त्याचा चेहरा दिसणारा फोटो असावा, हार्मोनियमवर बसलेला, पांढऱ्या सदऱ्यातला. तो फोटो घरात आहे, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी लावलेला आहे. खात्यावर तो लावायला वारस संपर्क लागतो आणि तो नेमलेला नाही. खाते काढून टाकण्याचा पर्याय भावाने आईला समजावून सांगितला. तिने नको म्हटले. त्यामुळे तिथे तो तसाच आहे, शिरपामाळावर, पाठमोरा, नावाच्या शेजारी Remembering लिहिलेला.